मदत हवी आहे: इंग्लंडला बहिणीकडे फराळ, पूजेचं सामान आणि भाऊबीजेची भेट पाठवायची आहे

गोदाकाठ

बहीण, भावोजी आणि सहा वर्षांची भाची लंडनजवळ रेडिंगला असतात. नाशिकहून एकच खोकं पाठवायचं आहे. आईने केलेल्या चकल्या, चिवडा, शंकरपाळे, करंज्या आणि साजूक तुपातले बेसनाचे लाडू मिळून साधारण 6 किलो होतील. शिवाय दुकानातले पेढे अर्धा किलो, साडी (3,200), शर्ट (1,400), खेळणं (900), कागदी आकाशकंदील आणि उटणं. पूजेसाठी हळदकुंकू, वाती, कापूर, अगरबत्ती, विड्याची पानं. ओवाळणीसाठी चांदीचं नाणं आणि पाकिटात रोख. यातलं काय जातं, काय अडतं? आणि तिकडे तिला कर भरावा लागेल का?

चिवडाप्रेमी

काही काळजी करू नका. घरचं खाणं आहे आणि खोक्यावर 'गिफ्ट' लिहिलं की कस्टम्स बघत नाही. फक्त खोकं घट्ट बांधा.

टपालवाट

चिवडाप्रेमी, भेट म्हणून पाठवल्याने सवलत मिळते ती करात. कोणता पदार्थ देशात येऊ द्यायचा याचे नियम वेगळे, आणि ते घरच्या खाण्यालाही लागतात.

गोदाकाठ, पेढे काढा. भारतातून ब्रिटनमध्ये खासगी पार्सलने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ येऊ देत नाहीत. त्यामुळे पेढे, बर्फी, कलाकंद, खव्याच्या सारणाच्या करंज्या आणि तुपाचा डबासुद्धा बाद. ब्रेड, बिस्किटं, क्रीम नसलेला केक, चॉकलेट यांना सूट आहे. मिठाईलाही आहे, पण त्यात प्रक्रिया न केलेलं दूध जास्त नसावं. चकली, चिवडा यांत दूध नसतं आणि शंकरपाळेही दूध-तुपाशिवाय तेलात केले असतील तर तो प्रश्न मिटला. करंजीचं सारण सुक्या खोबऱ्याचं असेल तर तीही चालावी.

कापूर अजिबात नको. तो ज्वालाग्राही घन पदार्थांत मोडतो, म्हणून साध्या हवाई पार्सलमधून जात नाही. स्कॅनिंगमध्ये दिसला तर एका वडीसाठी सगळं खोकं परत येतं. फुलबाज्या, काडेपेटी आणि अत्तराची कुपी यांचंही तेच. कोरड्या कापसाच्या वाती जातात, तुपात भिजवलेल्या नकोत. अगरबत्ती एखादी कंपनी घेते, एखादी नाही, तेव्हा आधी विचारा. विड्याची पानं, फुलं, रोपं यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून सोडून द्या.

चांदीचं नाणं आणि नोटाही काढा. साध्या पार्सलमध्ये दोन्हींना मनाई आहे. ओवाळणी बँकेतून पाठवा.

गोदाकाठ

आणि बेसनाचे लाडू? तूप बरंच असतं त्यात.

टपालवाट

इथे छातीठोक सांगता येत नाही. तूप हा दुधाचाच पदार्थ, पण लाडू पूर्ण भाजलेला आणि मिठाईत मोडणारा. म्हणजे तपासणाऱ्याने तो कुठे बसवला यावर सगळं आलं. माझं मत, लाडू पाठवूच नका. पाठवायचेच असतील तर वेगळ्या पाकिटात भरा आणि यादीत वेगळी ओळ द्या, म्हणजे काढले तर तेवढेच काढणं सोपं जाईल. तरी बाकीचं सुटेलच, अशी हमी नाही.

रंगीतकंदील

मी तर अनारसे दुबईला पाठवणार आहे. हेच नियम लागतील ना?

टपालवाट

रंगीतकंदील, थांबा! अनारशाला खसखस लावलेली असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. सिंगापूरलाही खसखस चालत नाही. नुसतं पाकीटच नव्हे, अनारशावरची आणि करंजीच्या सारणातलीही धरा. त्रास होईल तो घेणाऱ्याला, तुम्हाला नव्हे. अनारसे पाठवूच नका.

हिशेबी

कराचं मी सांगतो. ब्रिटनमध्ये व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली भेट 39 पौंडांपर्यंत असेल तर कर नाही. पौंड 115 रुपये धरला तर साधारण 4,485 रुपये. 39 च्या वर गेलात की कर फक्त वरच्या रकमेवर लागत नाही, पूर्ण किमतीवर लागतो. 135 पौंडांपर्यंत आयात शुल्क नाही, पण व्हॅट आहे, साडीसारख्या मालाला 20 टक्के. शिवाय पार्सल पोचवणारी कंपनी हाताळणीचे पैसे वेगळे घेते. अनेकदा तेच जास्त टोचतं.

फराळाची किंमत 2,400 आणि कंदील-उटणं 600 धरलं तर तुमचं एकूण 8,500, म्हणजे सुमारे 74 पौंड. सगळं बहिणीच्या एका नावावर टाकलं तर कर लागणार. पण एका खोक्यात वेगवेगळ्या माणसांच्या भेटी असतील, प्रत्येक भेट वेगळी बांधलेली, नाव लिहिलेली आणि कस्टम्सच्या फॉर्मवर वेगळी दाखवलेली असेल, तर प्रत्येकाला 39 ची मर्यादा स्वतंत्र मिळते. बहिणीला साडी आणि उटणं 3,500. भावोजींना शर्ट आणि अर्धा फराळ 2,600. भाचीला खेळणं, कंदील आणि उरलेला फराळ 2,400. तिघेही मर्यादेत बसतात.

साडीची किंमत 500 लिहायचा मोह आवरा. खोकं उघडलं तर किमतीचा टॅग आतच असतो.

चिवडाप्रेमी

मग फॉर्मवर 'होममेड फूड' एवढंच लिहिलं तर चालेल ना? तीन जणांचं लिहायला जागा कुठे असते?

टपालवाट

नाही चालत. एवढ्याने आत दूध आहे की मांस हे कळत नाही, म्हणून तेच खोकं उघडण्यासाठी बाजूला निघतं. प्रत्येक पदार्थाची ओळ इंग्रजीत साध्या शब्दांत लिहा: तांदळाच्या पिठाचा तळलेला पदार्थ, पोह्यांचा तळलेला पदार्थ, दूध नाही, मांस नाही. पुढे वजन आणि किंमत. 'चकली' एवढंच लिहिलं तर तिकडच्या माणसाला अर्थबोध होत नाही. छोटा फॉर्म पुरत नसेल तर पोस्टात CN23 मागा, त्यात ओळी जास्त असतात. आधारची प्रत सोबत ठेवा आणि खोकं घरून सील करून नेऊ नका, खिडकीवर उघडून दाखवावं लागतं.

हिशेबी

चिवड्याबद्दल एक राहिलं. खासगी कुरिअर कंपन्या वजन आणि आकार यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागायचं. 45 × 35 × 30 च्या खोक्याचं 9.45 किलो भरतं, आत 6 किलो असलं तरी. उंची 20 वर आणली तर 6.3. चिवडा डब्यात भरून पाठवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. तो जाड पिशव्यांत भरा आणि चकल्यांच्या डब्याभोवतीच्या फटींत दाबून बसवा. चकल्याही फुटत नाहीत.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. पेढे, कापूर, पानं, नाणं, नोटा काढल्या. साडीचा टॅग तसाच ठेवतो आणि CN23 वर तिघांच्या ओळी वेगळ्या करतो. लाडवांवरून आईशी वाद सुरू आहे. ती म्हणते, तुपाऐवजी तेलात भाजून देते. तेलातले बेसनाचे लाडू बांधले जातात का?

रंगीतकंदील

बांधले जातात, पण त्याला बेसनाचा लाडू म्हणायला जीभ वळत नाही.