प्रतिसाद: Z असलेली वेळ कशी वाचायची

> निपाणीहून टेम्पो रात्री पाऊण वाजता सुटला, तारीख १५. रिपोर्टात मात्र 2024-03-15 ऐवजी हे आलंय: 2024-03-14T19:15:00Z. जीपीएस बिघडलं काय?

बिघडलेलं नाही हो. शेवटचा Z म्हणजे ही वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, आपली नव्हे; आपली तिच्या साडेपाच तास पुढं. १९:१५ मध्ये साडेपाच तास मिळवा: २४:४५, म्हणजे १५ तारखेचे ००:४५. तुमचा पाऊण वाजला! हाच क्षण असाही लिहितात:

```
2024-03-15T00:45:00+05:30
```

इथेच माणूस फसतो. +05:30 दिसलं की पुन्हा साडेपाच तास मिळवतो. ती वेळ आधीच इथली असते. यूटीसी हवी असेल तर उलट वजा करायचे. -05:00 असेल तर ती वेळ यूटीसीच्या पाच तास मागं, म्हणून तिथं पाच मिळवायचे. शेवटी काहीच नसेल तर मात्र कुठली वेळ ते पाठवणाऱ्यालाच विचारा.

आमच्या खानापूरच्या हिशेबात एक्सेलमध्ये पहिली दहा अक्षरं कापून तारीख घेत होतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाचच्या सगळ्या खेपा आदल्या दिवशी पडत होत्या. आधी तास मिळवा, मग तारीख कापा.