काम 'सावकाश' की 'संथ'?

घाटंजीहून: पाणलोट समितीच्या अहवालात मी लिहिलं, 'नाला खोलीकरणाचे काम सावकाश सुरू आहे.' ठेकेदार खूश, सरपंचबाई मात्र भडकल्या. म्हणे, तुम्ही तर त्याची पाठच थोपटली! मग 'संथ' लिहू की 'हळूहळू'?

आर्वीच्या मॅडम: सरपंचबाईंचं बरोबर आहे. सावकाश जेवा, सावकाश उतरा असं आपण म्हणतो, कारण समोरच्याला वेळ आहे आणि तो त्यानं घ्यावा असं आपल्यालाच वाटतं. पाऊस तोंडावर असताना ठेकेदाराला ही मुभा कोणी दिली? 'संथ जेवा' असं कोणी म्हणत नाही. संथपणा बाजूला उभा राहून पाहणाऱ्याला दिसतो. म्हणून नदी संथ असली तर छान वाटतं, तिला कुठं मुदतीत पोचायचं नसतं. काम संथ म्हटलं की तक्रार झाली.

दारव्ह्याहून: म्हणजे 'सावकाश' नेहमी चांगल्या अर्थानंच. आमची आजी निघताना म्हणायची, "हयूहयू जाजो बाप्पा." तसंच ते.

आर्वीच्या मॅडम: नेहमी नाही. पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्याला "या, सावकाश आलात!" म्हणून पाहा.

वरूडहून: माझ्या तुरीची वाढ मंद आहे. काय फवारू?

आर्वीच्या मॅडम: भाऊ, ते कृषी सहायकाला विचारा. शब्द मात्र नेमका वापरलात. 'मंद' म्हणजे जोर कमी. तुरीला जोर हवा, म्हणून तिथं ती उणीव. वरणाखालची आच मात्र मंदच पाहिजे.

घाटंजीहून: आणि 'हळूहळू'?

आर्वीच्या मॅडम: त्यात बदल दिसावा लागतो, रोज थोडा थोडा. काळ्या मातीत भेगा मिटल्या की पाणी हळूहळू मुरतं. पण विहीरही हळूहळूच आटते, तेव्हा या शब्दात कौतुक शोधू नका. तुमच्या अहवालात 'काम हळूहळू पुढे सरकत आहे' लिहिलं तर वाचणाऱ्याला धीर येईल. तो द्यायचा आहे का?

दारव्ह्याहून: सरळ 'सुस्त' लिहा नं!

आर्वीच्या मॅडम: 'सुस्त' म्हटलं की माणसावर आळसाचा ठपका आला. मशीन का येत नाही ते आधी पाहा.

घाटंजीहून: मशीन आठवड्यातून दोनच दिवस येते. ठेकेदार म्हणतो, मागचं बिल निघालं नाही.

पुसदहून: मग 'रखडले' लिहा.

आर्वीच्या मॅडम: दोन दिवस का होईना, खोदतात ना? मग रखडलं कसं?

पुसदहून: आमच्याकडे याला रखडणंच म्हणतात, मॅडम. पूर्ण थांबलं तर 'बंद पडलं' म्हणतो.

घाटंजीहून: 'संथ गतीने' लिहिलं, आणि खाली मशीनचे दिवस टाकले. आता ठेकेदार म्हणतो, 'टप्प्याटप्प्याने' करा.

आर्वीच्या मॅडम: मग ते ठरवून केल्यासारखं वाटेल. करारात टप्पे होते का, ते त्यालाच विचारा.