आंब्याचा अख्खा क्रेट सगळ्यांत मिळून, वाटायचा कसा?

तिसरा मजला:
मंडळी, बागेतून थेट आंब्याचा अख्खा क्रेट मागवावा म्हणतोय, २० किलोचा. आत्तापर्यंत चार घरं झालीत, ८, ६, ४ आणि २ किलो. नियम असे ठेवूया. पैसे आधी. क्रेटची किंमत अधिक वाहतूक, ज्याच्या त्याच्या किलोच्या प्रमाणात. माल येईल त्याच संध्याकाळी वाटप. वाटल्यावर खराब निघाला तर ज्याचा त्याने सोसायचा. ऑर्डर गेल्यावर माघार नाही, घ्यायचीच असेल तर आपल्या जागी दुसरं घर आणून द्यायचं. आणि फोनाफोनी, उतरवून घेणं, वजन करणं मी करणार म्हणून दोन आंबे मला जास्त. पटत नसेल तर आत्ताच बोला.

गच्चीवाली ताई:
किलो कशाला मध्ये आणताय? आंबा आपण नगावर खातो आणि डझनावर घेतो. नग मोजा, भागा, संपलं. तराजू आणा, ग्रॅम बघा, हे फार किचकट होतंय. आणि मोठा आंबा म्हणजे कोयही मोठी, तर फरक पडून पडून किती पडणार?

कोपऱ्यातले काका:
ताई, प्रतवारी केलेल्या पेटीत तुमचं बरोबर आहे, तिथे सगळी फळं एका मापाची असतात म्हणून डझन चालतो. क्रेट मात्र झाडावरून उतरवला तसा भरतात, त्यात १८० ग्रॅमचं फळ असतं आणि ३४० चंही. माझ्या भावाची बाग आहे, मी तिथे क्रेट भरायला बसतो म्हणून सांगतो. नगावर वाटलं तर एकाच्या दहा आंब्यांचं वजन दुसऱ्याच्या दहांपेक्षा किलोभर जास्त भरू शकतं आणि पैसे मात्र दोघांनी सारखेच दिलेले. कोयीचं म्हणाल तर मोठ्या फळात कोय मोठी असते खरी, पण गरही जास्त असतो.

पण तिसरा मजला, तुमच्या हिशोबातही एक गोम आहे. २० किलो म्हणजे २० किलो आंबे असं धरू नका. प्लास्टिकचा क्रेट दीड किलोच्या आसपास असतो, बागवाला भरलेला वजन करतो की रिकामा वजा करून, हे आधीच विचारून घ्या. समजा वजा केलेला नाही आणि क्रेट १ किलो ४०० भरला, तर आंबे राहिले १८ किलो ६००. त्यात प्रवासात दबलेले, फुटलेले तीन निघाले, म्हणजे अजून ६०० ग्रॅम गेले. वाटायला राहिले १८. आता पहिल्या घराला ८ दिले, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४, तर २ किलोवाल्याच्या हातात रिकामी पिशवी, कारण १८ तिथेच संपले. त्यापेक्षा सगळ्यांचंच दहावा हिस्सा कमी करा, म्हणजे ७.२, ५.४, ३.६ आणि १.८. बेरीज बरोबर १८ येते. आणि पैसे सगळ्यांनी ८, ६, ४, २ या प्रमाणातच भरलेत, त्यामुळे कुणी कुणाला काही देणं लागत नाही. आंबा कापून वजन जुळवता येत नाही, म्हणून शंभर दोनशे ग्रॅम इकडे तिकडे होणारच, तेवढ्याचा शेवटी प्रत्यक्ष वजनावर हिशोब करायचा नाहीतर सोडून द्यायचा.

दुसरा मजला:
दोन आंबे म्हणजे तुमचं कमिशन का? मग सरळ बाजारातून घेतलेले काय वाईट.

तिसरा मजला:
अहो वहिनी, धंदा नाही करत. दोन आंबे म्हणजे अर्धा किलो, तेही नको असतील तर पुढच्या वेळी उतरवून घ्यायला तुम्ही थांबा, मी आनंदाने तुम्हाला दोन देतो.

गच्चीवाली ताई:
वजनाचं पटलं. पण ते दोन आंबे कुठून काढणार ते लिहा. आधी काढून मग उरलेले वाटले तर चालेल, आमच्या पिशवीतून नको. आणि ते दोन सगळ्यात मोठे नसावेत, एवढंही लिहा 🙂

जिन्याशेजारचा:
मी एकदा अशाच सामायिक ऑर्डरमध्ये होतो. बाहेर होतो म्हणून माझा वाटा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून जिन्यात ठेवला कोणीतरी, दोन दिवसांनी उघडलं तर आत पाणी सुटलेलं आणि देठाकडून काळे पडलेले. पैसे पूर्ण गेले. म्हणून म्हणतो, एखादा त्या संध्याकाळी नसेल तर त्याचा वाटा फ्रीजमध्ये ठेवा.

कोपऱ्यातले काका:
कच्चा आंबा फ्रीजमध्ये नको! १२-१३ अंशांच्या खाली तो नीट पिकतच नाही, साल काळपट होते आणि चव येत नाही. पिकल्यावर ठेवा हवं तर. तोपर्यंत कागदावर किंवा पेंढ्यात पसरून, एकावर एक रचू नका, पिशवी बांधू तर मुळीच नका, घाम सुटतो आणि कुज लागते. तुमच्या आंब्यांना तेच झालं असणार.

दुसरा मजला:
मला चौथा नियमच पटत नाही. वाटपाच्या दिवशी सगळे हिरवे कडक असतात, आत काय आहे कुणाला कळणार? माझ्या वाट्याचे तीन कुजके निघाले आणि शेजारी सगळे गोड, तर नशीब म्हणून गप्प बसायचं? सगळे एका घरात पिकवा आणि मग वाटा.

तिसरा मजला:
एका घरात म्हणजे माझ्याच ना? आठवडाभर रोज उलटेपालटे करायचे, पिकेल तसे वेगळे काढायचे, आणि आधी पिकलेला कोणाला हा रोजचा वाद. शिवाय पिकताना वजन घटतं, ती घट कोणाच्या खात्यात?

कोपऱ्यातले काका:
घट होते खरी, २० किलोमागे किलोभर सहज जाते, कधी जास्तही. पण वहिनींचा मुद्दा रास्त आहे. देठाकडची कुज आणि करपा फळात आधीपासून दडून असतात आणि पिकायला लागल्यावरच वर येतात, घेताना ओळखणं अवघड. मधला मार्ग असा करता येईल. वाटायच्या आधी पाच-सहा मध्यम आंबे सामायिक म्हणून बाजूला ठेवायचे. आठवड्यात ज्याचा आंबा खराब निघेल त्याने फोटो टाकायचा आणि त्यातला एक घ्यायचा. उरले तर त्याच प्रमाणात वाटून टाकायचे.

फक्त खराब कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. देठातून ओघळलेल्या चिकाचे काळे पट्टे सालीवर असतात, आत काही नसतं, ते धरायचे नाहीत. देठाजवळ बोटाने दाबल्यावर मऊ लागतं आणि रंग तपकिरी पडत जातो, तो मात्र खराबच. आतून पांढरट, स्पंजासारखा, आंबट निघाला तर साका, तोही धरावा, कारण बाहेरून कळतच नाही.

जिन्याशेजारचा:
फोटोवर वाद होतील बघा. अर्धा खाऊन उरलेल्याचा फोटो टाकणारेही निघतात.

गच्चीवाली ताई:
खाल्ला म्हणजे चांगलाच होता की! अर्धा खाल्लेला धरायचा नाही.

दुसरा मजला:
राखीव आंबे ठेवले तर आमच्या वजनातून कापणार ना? आधीच ८ चे ७.२ झालेत. तरी मला हे चालेल, पण ते ठेवायचे कोणाकडे?

तिसरा मजला:
माझ्याकडे नको, मग म्हणाल मीच खाल्ले. काकांकडे ठेवूया का? बाकी रिकाम्या क्रेटचं वजन बागवाल्याला विचारतो आणि तो आकडा इथेच टाकतो, त्यानंतरच पैसे गोळा करू. खराब आंब्याचा नियम मला अजून नक्की पटलेला नाही, उद्यापर्यंत ज्यांनी ऑर्डर दिलीये त्या चार घरांनीच काय ते सांगा.

कोपऱ्यातले काका:
ठेवतो मी. पण मोजून द्या आणि मोजून घ्या.