मदत हवी आहे: दक्षता पथकाच्या अहवालावर खुलासा कसा द्यावा?

देगलूरकर:
माझ्या मुलीच्या मन्नेरवारलू जमातीच्या दाव्यावर पडताळणी समितीची कारणे दाखवा नोटीस आली आहे. आमच्या घरात वैधता प्रमाणपत्र यापूर्वीच मिळालेले असताना मुलीचा दावा अमान्य का करू नये, असा प्रश्न विचारलाच कसा जातो, हे मला समजत नाही. अभियांत्रिकीचा प्रवेश पावतीवर झालेला असून महाविद्यालय रोज प्रमाणपत्र मागत आहे. खुलाशात नेमके काय लिहावे, एवढेच कृपया सांगावे. कायदा समजावून घेण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

गोदाकाठ:
घाबरण्याचे कारण नाही. रक्ताच्या नातेवाइकाकडे वैधता असेल तर समितीला दावा नाकारताच येत नाही. उच्च न्यायालयाने 2010 मध्येच तसे सांगितले आहे. ते प्रमाणपत्र जोडून एका ओळीचा खुलासा द्या. माझ्या मेहुण्याचे काम असेच झाले होते.

खंडपीठाचा_जिना:
गोदाकाठ यांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे आणि एका ओळीच्या खुलाशाने अनेक दावे बुडालेले मी पाहिले आहेत. नाते वडिलांकडचे असावे लागते, ते वंशावळीने सिद्ध व्हावे लागते आणि आधीचे प्रमाणपत्र रीतसर चौकशी होऊन मिळालेले असावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात ही चौकट स्पष्ट केली. देगलूरकर, ‘घरात वैधता’ म्हणजे नेमकी कोणाला? त्या वेळी दक्षता पथकाची चौकशी झाली होती का? नोटिशीसोबत अहवालाची प्रत मिळाली का? अहवालात आक्षेप कोणता आहे? हे कळल्याशिवाय कोणालाही काही सांगता येणार नाही.

मांजराकाठ:
आमच्या तालुक्यात हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे अर्ज घेत आहेत. तुम्हीही जुनी नोंद काढा आणि नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र वेळेत घ्या, नाहीतर प्रवेश जाईल.

गोदाकाठ:
काका, तो कुणबी नोंदींचा विषय आहे. अनुसूचित जमातीला नॉन-क्रिमिलेयर लागत नाही.

देगलूरकर:
वैधता माझ्या चुलत भावाच्या मुलाला आहे. आमचे आजोबा एकच. त्याच्या वेळी पथक गावात आले होते, हे मला आठवते. अहवालाची प्रत नोटिशीसोबत आली आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, मुलीला आणि मला जमातीच्या देवदेवता, लग्नातील विधी आणि बोलीभाषा नीट सांगता आली नाही. दुसरी, आजोबांच्या शाळेच्या प्रवेश निर्गम नोंदवहीत ‘मन्नेरवार’ या शब्दापुढचा ‘लू’ वेगळ्या शाईत असून तो रकान्याच्या रेघेवर गेलेला आहे. आजोबांच्या काळी शाई कोणती होती, याचा जबाब मी कसा देणार?

सागवान:
मी किनवट भागातील आहे आणि माझे मत अनेकांना आवडणार नाही. शेवटी जोडलेले असे ‘लू’ आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. खोट्या दाव्यावर एक जागा गेली, की पाड्यावरचा एक मुलगा घरी बसतो. अर्जदाराला न्याय हवा, तसा तो त्या मुलालाही हवा. देवदेवतांचे प्रश्न विचारले तर त्यात चुकीचे काय? ज्याला आपल्या कुळाचे काहीच सांगता येत नाही, त्याने जमातीचा दावा कशाच्या बळावर करावा?

खंडपीठाचा_जिना:
सागवान, तुमचा राग मला समजतो आणि पुराव्याचा भार कलम 8 प्रमाणे अर्जदारावरच आहे, हेही खरे. परंतु तीन पिढ्या शहरात राहिलेल्या कुटुंबाला रूढी सांगता आल्या नाहीत म्हणून दावा खोटा ठरत नाही, आणि पुस्तक पाठ करून आलेल्या माणसाला त्या सांगता आल्या म्हणून तो खराही ठरत नाही. याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयाने आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नाही, असे म्हटले असून स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना अधिक वजन दिले आहे.

देगलूरकर, तुमचा खरा प्रश्न तो ‘लू’ आहे, म्हणून खुलाशातील बहुतेक जागा त्यालाच द्या. प्रथम शाळेत जाऊन मूळ नोंदवही स्वतः पाहा. त्याच पानावरील, त्याच शिक्षकाच्या हातच्या इतर नोंदी तपासा. तिथेही शाई मध्येच बदललेली असेल किंवा अक्षर रेघेबाहेर गेलेले असेल, तर ते मुख्याध्यापकांच्या साक्षांकित उताऱ्यासह मांडा. पथकाने मुख्याध्यापकांचा जबाब घेतला असल्यास त्याची प्रत मागा. शाईविषयीचा निष्कर्ष केवळ डोळ्यांनी पाहून काढला असेल, तर हस्ताक्षर तज्ज्ञाकडून तपासणी करावी, अशी लेखी मागणी खुलाशातच करा. अर्थात तज्ज्ञाचा अहवाल तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो, याची तयारी ठेवूनच ती मागणी करावी.

आता एक प्रश्न. तुमच्या पुतण्याची वैधता कोणत्या पुराव्यावर मिळाली होती? हीच नोंदवही होती का?

देगलूरकर:
होय, हीच. आजोबांची दुसरी नोंद आमच्याकडे नाही.

खंडपीठाचा_जिना:
मग ती तुमची सर्वांत मोठी ताकद आहे आणि सर्वांत मोठा धोकाही. त्या वेळच्या पथकाने हेच पान पाहिले असणार. तेव्हाच्या अहवालात शाईचा उल्लेख नसेल आणि समितीने सकारण आदेश काढला असेल, तर तेच पान आज संशयास्पद का वाटते, हे समितीला सांगावे लागेल. म्हणून पुतण्याची मूळ संचिका आणि त्यातील दक्षता अहवाल सुनावणीपूर्वी मागवावा, असा अर्ज द्या. संचिका समितीच्याच कार्यालयात असते. मात्र समितीला जुने प्रमाणपत्र फसवणुकीने मिळाल्याचे वाटले, तर ती पुतण्यालाही नोटीस काढू शकते.

मुदतीबाबत म्हणाल, तर माधुरी पाटील प्रकरणात 1994 मध्ये खुलाशासाठी दोन आठवडे आणि विनंती केल्यास जास्तीत जास्त 30 दिवस, असे ठरलेले आहे. मुदतवाढीचा अर्ज आजच द्या आणि त्याची पोच घ्या. सुनावणीत जे बोलाल ते लेखीही द्या, कारण समितीच्या आदेशावर अपील नाही. थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते आणि तिथे समितीसमोर काय मांडले होते, हेच पाहिले जाते.

गोदाकाठ:
म्हणजे पुतण्याचे प्रमाणपत्र जिवंत आहे तोवर मुलीला ते मिळालेच पाहिजे, हे माझे मूळ म्हणणे चुकले कुठे?

खंडपीठाचा_जिना:
जुन्या प्रमाणपत्राची फेरतपासणी सुरू असेल, तर औरंगाबाद खंडपीठाने अनेक प्रकरणांत त्या तपासणीच्या निकालाच्या अधीन राहून वैधता देण्यास सांगितले आहे. म्हणजे मिळते, पण टांगती तलवार राहते. शिवाय फसवणुकीचा मुद्दा आला की न्यायालये सावध होतात.

सागवान:
व्हायलाच हवे. आणि जुन्या पथकाने शाई पाहिली नसेल, तर त्याचा अर्थ ती एकच होती असा होत नाही. त्यांनी काम नीट केले नाही, असाही होऊ शकतो. एकाच्या चुकीवर साऱ्या घराण्याला वैधता देणे मला पटत नाही.

खंडपीठाचा_जिना:
तो युक्तिवाद समितीही करील. पण मग तो आदेशात कारणांसह लिहावा लागेल.

देगलूरकर:
मुदतवाढीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. नोंदवही पाहिली. त्याच पानावर आणखी दोन मुलांच्या नोंदींत शाई फिकी-गडद झालेली आहे, पण शब्दाच्या मध्येच बदललेली फक्त आजोबांचीच आहे. मुख्याध्यापक उतारा देण्यास तयार आहेत. अडचण पुतण्याची आहे. तो शासकीय नोकरीत आहे आणि ‘माझी संचिका उघडू नका,’ असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याच्या प्रतिज्ञापत्राशिवाय नाते सिद्ध होईल का?

खंडपीठाचा_जिना:
त्याच्या संचिकेतील वंशावळीत तुमच्या वडिलांचे नाव असेल, तर नाते तिथूनच दाखवता येईल. प्रतिज्ञापत्र असते तर बरे झाले असते. पण तुम्ही त्याचे प्रमाणपत्र जोडलेलेच आहे, म्हणजे समिती त्याची संचिका बघणारच. हे त्याला समजावून सांगा आणि त्यानेही आपल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. तुमचा आणि त्याचा वकील शक्यतो वेगळा असावा.

मांजराकाठ:
पुतण्याची नोकरी गेली तर पगार परत मागतात का?

खंडपीठाचा_जिना:
त्यासाठी वेगळा धागा काढावा.