अनुभव धागा: दाढीनंतर गळ्यावर फोड. कार्ट्रिज, सेफ्टी रेझर की ट्रिमर?

राठकेशी: माझे केस राठ आणि कुरळे. दाढी केल्यावर दोन-तीन दिवसांत जबड्याखाली फोड उठतात. भिंगातून पाहिलं तर कातडीखाली वळलेल्या केसाची काळी रेघ दिसते. गालावर मात्र काही होत नाही. सध्या पाच पात्यांचं कार्ट्रिज वापरतो. ज्यांनी बदल करून पाहिलाय, त्यांनी लिहा.

वस्तरा: एक पातं, एक रेझर, विषय संपला! मी सेफ्टी रेझरने आधी सुलटा हात मारतो, मग उलटा, वरून तुरटी. चेहरा काचेसारखा गुळगुळीत.

गोदाकाठ: तुमचे केस सरळ असणार. राठकेशींनी उलटा हात मारला तर एका पात्यानेही तेच होईल. कार्ट्रिजचं पुढचं पातं केस किंचित उपसतं, मागची पाती तो कापतात, आणि सुटलेला केस कातडीच्या आत जातो. केस कुरळा असेल तर त्याचं टोकदार टोक बाहेर न येता आतच घुसतं. गळ्यावरचे केस मुळातच आडवेतिडवे उगवतात, म्हणून त्रास तिथे जास्त.

माझं असं झालं. आधी दाढी पूर्ण थांबवली. पहिला आठवडा फोड वाढले, पण महिनाभरात बरेच केस आपोआप सुटून बाहेर आले. मग ट्रिमर, कातडीवर न दाबता, साधारण एक मिलिमीटर खुंट ठेवून. कधी गुळगुळीत हवीच असेल तर अंघोळीनंतर सेफ्टी रेझर, फक्त सुलट्या हाताने, कातडी न ताणता. रेझरच्या वजनावर सोडायचं, दाब नाही. बोट फिरवलं की खरखर लागलीच पाहिजे.

मिशीवाला: ट्रिमरचा विषय निघालाच आहे तर, माझी दाढी गालावर विरळ आहे. दाट दिसायला किती नंबर लावू?

गोदाकाठ: मिशीवाले, वेगळा धागा काढा हो.

दर्यावर्दी: खुंट ठेवा म्हणणं सोपं आहे. मी जहाजावर असतो. श्वसनाचा मास्क खुंटावर नीट बसत नाही, त्यामुळे ड्यूटीवर दाढी सफाचट लागते. सुलटा हात मारूनही गळ्यावर चार-पाच फोड राहतातच.

साधीसुधी: माझ्या नवऱ्याला दुकानातून कुणीतरी 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब दिली. त्यात स्टिरॉइड होतं. लाली गेली, पण थांबवताच दुप्पट होऊन आली. त्वचारोगतज्ज्ञांनी ती बंद करून रात्री लावायला अडापॅलीन दिलं. सुरुवातीला कातडी सोलली, मग फरक पडला. दर्यावर्दी, तुम्ही लेझरचं विचारा. केसच कमी होतात. सावळ्या कातडीला लांब तरंगलांबीचं लेझर लागतं, नाहीतर डाग पडू शकतात.

दर्यावर्दी: विचारलंय. बऱ्याच बैठका लागतात म्हणाले, काही आठवड्यांच्या अंतराने. मी सलग सहा महिने समुद्रावर. कुणी मधे खंड पडूनही केलंय का?

राठकेशी: मी आजपासून दाढी वाढवतोय. ऑफिसात विचारतील ते विचारतील.