मदत हवी आहे: संत्र्याच्या मार्मालेडचा एकदा पाक झाला, एकदा चिक्की. चुकतंय कुठे?

केतकी_पुणे

नागपूरहून नणंदेने पेटी पाठवली आहे. खाऊन संपत नाहीत म्हणून सालीच्या काड्या घातलेलं मार्मालेड करायला घेतलं. बाजारचं पेक्टिन घालायचं नाही, एवढं पक्कं.

पहिला घाणा: १ किलो संत्री. सालीच्या बारीक काड्या केल्या आणि कडू लागू नयेत म्हणून तीनदा उकळून तिन्ही वेळा पाणी फेकलं. बियाही फेकल्या. मग रस, काड्या आणि १ किलो साखर एकत्र चढवलं. तासाभराने बरणीत भरलं, तर आठवडा झाला तरी सरबताच्या पाकासारखं वाहतंय. काड्या मात्र चामड्यासारख्या चिवट.

दुसरा घाणा: या वेळी थर्मामीटर आणला. सगळीकडे १०५ अंश लिहिलेलं असतं म्हणून वाट बघत बसले. काटा १०३ च्या पुढे जाता जाईना. शेवटी १०५ गाठले तेव्हा रंग गुळासारखा झाला होता आणि आता चमचा उभा राहतो. चव जळकट-कडू.

मधलं काही कसं जमवायचं?

माई_जोशी

अगं, थर्मामीटर कशाला? आम्ही मोरावळा, साखरांबा सगळं तारेवर केलं. थेंब दोन बोटांत धरायचा, एकतारी आला की उतरवायचं. कधी बिघडलं नाही.

केतकी_पुणे

माई, पहिल्या वेळी एकतारी बघूनच उतरवलं होतं. तरीही वाहतंय.

खटपट्या

माई, साखरांब्यात पाक पाकच राहायला हवा असतो, तो थिजावा अशी आपली अपेक्षाच नसते. तार आली म्हणजे साखर पुरेशी आटली, एवढंच कळतं. मार्मालेड थिजायला साखरेबरोबर आंबटपणा आणि पेक्टिनही लागतं, आणि केतकीताईंनी पेक्टिन मोरीत ओतलं. ते असतं सालीच्या आतल्या पांढऱ्या अस्तरात आणि बियांभोवतीच्या बुळबुळीत थरात. पहिल्या पाण्याबरोबर सालीतलं उग्र तेल आणि बराचसा कडवटपणा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याबरोबर आणखी कडवटपणा जातो, पण पेक्टिनही जातं. म्हणून पाच-सात मिनिटांची एकच उकळी, तेवढंच पाणी फेकायचं.

काड्या चिवट झाल्या कारण साल शिजायच्या आधी साखर पडली. साखरेच्या पाकात साल पुढे मऊ होत नाही, उलट आखडते. काडी अंगठा-बोटात धरून दाबली की तिचा लगदा व्हायला हवा. तोवर साखरेचा डबा उघडायचा नाही.

लंडनकर_काका

मी इकडे दर जानेवारीत करतो. सेव्हिलची कडू संत्री तेवढेच काही आठवडे मिळतात. एकही पाणी फेकत नाही, बिया मलमलच्या पुरचुंडीत, आणि बरोब्बर १०५ ला उतरवतो. कधीच फसलेलं नाही. तुमचा थर्मामीटर खराब असणार.

केतकी_पुणे

थर्मामीटर तपासला. नुसतं पाणी खळखळा उकळून बघितलं तर ९८ दाखवतोय. म्हणजे खराबच ना?

खटपट्या

नाही, चांगला आहे! पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. काकांकडे पाणी १००ला उकळतं, म्हणून १०४-१०५ त्यांना बरोबर. खरा हिशोब पाण्याच्या उकळीवर साडेचार अंश असा धरा. तुमच्या घरी १०२.५. तुम्ही १०५ पर्यंत ओढलंत, म्हणजे उकळीच्या सात अंश वर. तिथे पाक गरजेपेक्षा फारच आटतो आणि फार वेळ उकळल्याने पेक्टिनही मोडतं. महाबळेश्वरला केलंत तर आकडा आणखी खाली येईल.

काकांचं पाणी न फेकणंही त्यांच्या फळापुरतं ठीक. सेव्हिलमध्ये पेक्टिन आणि आंबटपणा भरपूर, आणि कडवटपणा तर त्या मार्मालेडचा प्राणच. नागपुरी संत्रं गोड, त्याला लिंबाची जोड लागतेच.

अंजू_डोंबिवली

मोसंबीचा रस सकाळी काढून ठेवला तर दुपारी कडू का होतो? त्याचं मार्मालेड कडूच होईल ना?

खटपट्या

कापल्यावर रसातला आंबटपणा हळूहळू एक कडू द्रव्य तयार करतो, बिया चिरडल्या तर आणखी. रस आयत्या वेळी काढा आणि बिया मिक्सरमधून फिरवू नका. सालीचा कडवटपणा वेगळा. मोसंबीचं मी केलेलं नाही.

केतकीताई, माझं माप देतो. १ किलो संत्री गरम पाण्याने खसखसून धुवा, सालीवर मेण असतं. निम्म्याच सालींच्या काड्या घ्या. एक उकळी देऊन पाणी फेका. मग काड्या, दीड लिटर पाणी, ६ लिंबांचा रस, आणि पुरचुंडीत सगळ्या बिया, चोथा, पिळलेल्या लिंबांची सालं. कडवट नकोच असेल तर लिंबाची दोनच सालं. रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर तासभर शिजवा, पुरचुंडी निववून दोन ताटल्यांत दाबून पिळा. जो बुळबुळीत, डिंकासारखा द्राव येतो तेच सोनं, तो परत पातेल्यात. आता संत्र्यांचा रस घाला. सगळं मिळून साधारण किलोभर उरू द्या. मग ८०० ग्रॅम साखर, विरघळेपर्यंत मंद, पुढे मोठी आच.

पातेल्याचं रिकामं वजन आधी लिहून ठेवा. आतला ऐवज १३०० ग्रॅमच्या जवळ आला की तपासायला लागा. बशी फ्रीझरमध्ये ठेवलेली असू दे. गॅस बंद करून अर्धा चमचा बशीत टाका, दोन मिनिटांनी बोटाने ढकला. वर साय सरकल्यासारखी सुरकुती पडली तर झालं. गॅस चालू ठेवून तपासाल तर तेवढ्यात पुढे जातं.

माई_जोशी

ही सुरकुती मला पटली. दुधाच्या सायीसारखीच दिसत असेल.

केतकी_पुणे

काल केलं. पुरचुंडीतून खरंच तारा सुटणारा द्राव निघाला, मी आधी घाबरले की काय बिघडलं. १०१.५ ला बशीत नुसतं ओघळलं. १०२.५ ला ओघळ मध्येच थांबला आणि बोट लावल्यावर बारीक सुरकुत्या. वजन भरलं १३२०. आज सकाळी बरणी आडवी केली, हललं नाही. कडवट आहे पण शेवटी जिभेवर येतं तेवढंच, नवऱ्याला तेही जास्त वाटतंय.

एक गंमत झाली: पहिल्या दोन बरण्यांत सगळ्या काड्या वर तरंगल्यात, शेवटच्या बरणीत नीट पसरल्यात.

लंडनकर_काका

गरम गरम भरलंत. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, जरा दाट झालं की एकदा ढवळून भरायचं. शेवटच्या बरणीपर्यंत ते आपोआप झालं. आणि थर्मामीटरबद्दलचे शब्द मागे घेतो.

अंजू_डोंबिवली

साखर निम्मी केली तर चालेल का? सासऱ्यांना मधुमेह आहे.

खटपट्या

निम्म्या साखरेत या पद्धतीने थिजणार नाही आणि बाहेर टिकणारही नाही. मी ६०० ग्रॅमवर एकदा केलं, फ्रिजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवलं, जरा पातळच होतं. आणि ६०० ग्रॅमही मधुमेहाला काही कमी साखर नाही.

केतकी_पुणे

त्या चिक्कीचं काय करू? पाणी घालून सैल केली तर जळकट चव जाईल का?

माई_जोशी

जळकट जात नाही बाई. चहात टाकून बघ.