मंजुरीपत्रच पुरावा आहे

«व्याजदर फ्लोटिंग असूनही कर्ज बंद करताना दोन टक्के कापले. आता परत मिळतील का?»

मिळतील. वैयक्तिक कर्जदाराच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मनाई केली आहे.

माझ्याकडून १८,४०,००० शिल्लकीवर ३६,८०० आणि वर जीएसटी ६,६२४ घेतले होते. शाखेत म्हणाले, "सिस्टीममध्ये फिक्स्ड दिसतंय." मंजुरीपत्रात मात्र पहिली दोन वर्षं स्थिर, नंतर बदलता दर, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी कर्ज पाचव्या वर्षी फेडलं. अशा दुहेरी दराच्या कर्जात फेडीच्या दिवशी कोणता दर चालू होता, तेच पाहायचं. दर बदलल्याची पत्रं आणि खातेउतारा जोडलात की वाद उरत नाही.

अर्ज तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या आणि मंजुरीपत्रातलं ते कलम शब्दशः उतरवा. जीएसटीही परत मागा, लोक नेमका तोच विसरतात. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करा, शुल्क लागत नाही. मला पूर्ण ४३,४२४ रुपये परत मिळाले.